दहा जण, पंधरा मिनिटं : मॅनेजमेंट ट्रेनीच्या जीडीत कधी आणि किती बोलावं

लेखी परीक्षेनंतर मॅनेजमेंट ट्रेनीच्या उमेदवारांना बहुतेक ठिकाणी ग्रुप डिस्कशनला, म्हणजे जीडीला बसवतात. आठ ते दहा जण गोलात किंवा यू आकारात बसतात, प्रत्येकासमोर एक नंबर असतो, बाजूला दोन-तीन परीक्षक असतात. विषयाचा कागद मिळतो, विचार करायला दोन-तीन मिनिटं मिळतात आणि मग पंधरा-वीस मिनिटं चर्चा चालते. नेता कोणी नेमलेला नसतो. परीक्षक "सुरू करा" म्हणतात आणि त्यानंतर एक अक्षर बोलत नाहीत.

आधी साधा भागाकार करू. पंधरा मिनिटं आणि दहा जण, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. एकदोघे जवळजवळ गप्प राहतातच, म्हणून तुम्हाला दोन-सव्वादोन मिनिटं मिळाली तर ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. हीच दोन मिनिटं सलग बोललात तर ते भाषण होतं, आणि पाच वेळा पंचवीस-पंचवीस सेकंद बोललात तर तो सहभाग होतो. माझा अंदाजाचा नियम असा : पंधरा मिनिटांत चार ते सहा वेळा बोलायचं आणि एका वेळी अर्ध्या मिनिटाच्या पुढे जायचं नाही. एकूण तीन मिनिटं ओलांडली की तुम्ही दुसऱ्या कोणाचा तरी वाटा खाल्लेला असतो. पंचवीस सेकंदांत तीन-चार वाक्यं बसतात. घरी घड्याळ लावून एकदा बोलून बघा. बहुतेकांना ही वेळ फार कमी वाटते, आणि मग लक्षात येतं की पहिली दोन वाक्यं नुसती प्रस्तावनेत गेली.

मी काही वर्षं परीक्षकांच्या खुर्चीत बसलो आहे, म्हणून पलीकडे काय चालतं तेही सांगतो. आम्ही साधारण चार-पाच उमेदवार वाटून घेतो आणि समोरच्या तक्त्यावर कोण काय बोललं ते थोडक्यात टिपत जातो. "आत्मविश्वास चांगला" असं लिहीत नाही. लिहितो ते असं : "३ – ७ चा आकडा दुरुस्त केला, ७ ने मान्य केलं", "५ – ९ ला दोनदा तोडलं", "२ – नवीन मुद्दा नाही, ६ चीच री ओढली". गुण नंतर या नोंदींवरून पडतात. ठिकाणाप्रमाणे तक्त्यावरचे मथळे बदलतात, पण मुद्द्यात दम आहे का, तर्क धड आहे का, दुसऱ्याचं ऐकलं का आणि चर्चा पुढे सरकवली का, हे चार कुठल्या ना कुठल्या नावाने असतातच. तुमच्या नावासमोर लिहिण्याजोगं काही घडलं का, एवढंच बघायचं असतं.

आता एक केस घेऊ आणि तीच शेवटपर्यंत चालवू. मॅनेजमेंट ट्रेनीसाठी हल्ली अशा छोट्या केस बऱ्याचदा देतात. शिकायलाही त्या सोप्या पडतात, कारण त्यात धरायला काहीतरी असतं. कागदावर हे लिहिलंय :

"एक कंपनी घरगुती पाणी शुद्धीकरण यंत्रं विकते. दुरुस्तीला उशीर होतो अशा तक्रारी वाढल्या आहेत. कंपनीकडे ४० तंत्रज्ञ आहेत. एक तंत्रज्ञ दिवसाला ६ घरी जातो आणि महिन्यात २५ दिवस काम करतो. महिन्याला ७,२०० भेटींची गरज पडते. त्यातल्या १,८०० भेटी दुसऱ्यांदा जाण्याच्या आहेत, कारण लागणारा सुटा भाग पहिल्या वेळी तंत्रज्ञाजवळ नव्हता. व्यवस्थापनासमोर दोन प्रस्ताव आहेत : आठ नवीन तंत्रज्ञ नेमणे किंवा सगळी सर्व्हिस बाहेरच्या एजन्सीला देणे. गटाने एकमताने सल्ला द्यावा."

पहिली तीन मिनिटं

बरेच जण ही तीन मिनिटं पहिलं वाक्य जुळवण्यात घालवतात. तसं करू नका. कागदावर आकडे असतील तर आधी ते एकमेकांना जोडून बघा. ४० तंत्रज्ञ, रोज ६ घरं, २५ दिवस, म्हणजे महिन्याला ६,००० भेटी. गरज ७,२०० ची आहे, तेव्हा तूट १,२०० ची. एक तंत्रज्ञ महिन्याला १५० भेटी देतो, म्हणून आठ नवीन माणसं घेतली की बरोबर १,२०० भरून निघतात. व्यवस्थापनाचा पहिला प्रस्ताव या हिशोबातूनच आला आहे. आता तो १,८०० चा आकडा बघा. या भेटी व्हायलाच नको होत्या. त्यातल्या निम्म्या टळल्या तरी ९०० भेटी वाचतात, तूट ३०० वर येते आणि ती दोन माणसांत भागते.

एवढं गणित हाताशी असेल तर अर्धी चर्चा तुम्ही कागदावरच करून ठेवली. कोऱ्या जागेत चार-पाच शब्द टिपा : "६,०००", "तूट १,२००", "१,८०० का?", "एजन्सी – भाग कोण पुरवणार?" पूर्ण वाक्यं लिहिलीत तर पुढे ती वाचून दाखवाल, आणि वाचणारा माणूस कोणाकडे बघत नाही.

तिसऱ्या मिनिटात एक प्रश्न स्वतःला विचारा : बाकीचे नऊ जण काय बोलणार? इथे ते "नवीन माणसं की एजन्सी" यावरच झुंजणार, कारण कागदाने तीच दोन दारं दाखवली आहेत. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. गटातल्या काही गोष्टी सगळ्यांना माहीत होत्या आणि काही एखाद्यालाच. सर्वांना ठाऊक असलेल्याच गोष्टी गट घोळवत राहिले, एकट्यादुकट्याजवळची माहिती फारशी पुढे आली नाही आणि बहुतेक गटांचा निर्णय चुकला. जीडीत कागद सगळ्यांकडे तोच असतो, पण कागदातलं सगळं सगळ्यांना दिसत नाही. तुम्हाला एकट्याला दिसलेली गोष्ट कोणती, ती अधोरेखित करा. चर्चेत काहीही झालं तरी ती मांडूनच उठायचं.

सुरुवात करायची का?

पहिलं बोलणाऱ्याला जास्त गुण मिळतात, ही समजूत कुठून पसरली कोण जाणे. पहिल्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं एवढं खरं. पण ते चुकीलाही तेवढंच असतं. विषय नीट कळला असेल आणि गटाला रस्ता दाखवता येत असेल तरच पहिलं बोला. नसेल, तर तिसरं-चौथं बोलायला काही हरकत नाही.

चांगल्या सुरुवातीत तीन गोष्टी येतात : प्रश्न काय आहे, तो कसा तपासायचा, आणि वेळ किती आहे. आपलं मत त्यात येत नाही. या केसमध्ये नंबर चार अशी सुरुवात करते असं समजा :

"आपल्याला एक सल्ला एकमताने द्यायचाय. सध्याची क्षमता महिन्याला सहा हजार भेटींची आहे आणि गरज बहात्तरशेची, म्हणजे बाराशेची तूट. मला वाटतं आधी ही तूट का पडते ते बघू, मग दोन्ही प्रस्ताव त्यावर घासून बघू. शेवटची दोन मिनिटं एकमतासाठी ठेवूया का?"

हे बोलायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. आकडा आला, क्रम आला, वेळेची वाटणी आली आणि शेवटी प्रश्न ठेवल्याने दुसऱ्याला आत यायला जागा मिळाली. आता हीच सुरुवात बिघडते कशी तेही बघा. "ग्राहक हा राजा असतो, असं म्हणतात..." असं वाक्य प्रत्येक बॅचमध्ये एक तरी उमेदवार टाकतोच. ते खोटं नाही, पण त्यातून पुढे जायला वाटच फुटत नाही. आणखी एक बिघाड म्हणजे पहिल्याच वाक्यात "मी एजन्सीच्या बाजूने आहे" म्हणणं. असं म्हटलं की उरलेली चौदा मिनिटं तुम्ही त्या वाक्याची राखण करत बसता.

कधी कधी "सुरू करा" म्हटल्यावर तिघं एकदम तोंड उघडतात. अशा वेळी ताणून धरू नका. "तुम्ही बोला, मी नंतर येतो" म्हणून थांबा. ही माघार वाया जात नाही, कारण पहिल्याचं बोलणं संपलं की गटाच्या नजरा आपोआप तुमच्याकडे वळतात. मात्र तेव्हा लगेच बोलायचं. तिथे डळमळलात तर ती जागा गेली.

मधली अकरा मिनिटं

नवख्यांचं सगळ्यात जास्त अडतं ते इथे. मुद्दा असतो, पण आत शिरायला फट सापडत नाही.

फट कुठे पडते ते ओळखायला शिकावं लागतं. बोलणारा आपला मुद्दा संपवतो तेव्हा त्याचा आवाज खाली उतरतो आणि बहुधा तो कागदाकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे बघतो. त्यानंतर श्वासापुरता, जेमतेम सेकंदभराचा मोकळा वेळ असतो. पूर्ण शांतता व्हायची वाट बघाल तर ती दहा जणांत येतच नाही. त्याचं वाक्य संपत असताना किंचित पुढे झुका, त्याच्याकडे बघा आणि त्याच्याच शेवटच्या शब्दापासून सुरू करा. तो म्हणाला, "...म्हणून एजन्सीचा खर्च कमी पडेल." तुम्ही : "खर्चाचा मुद्दा बरोबर आहे, त्यात एक भर घालतो." त्याचा शब्द उचलल्यामुळे तुम्ही त्याला तोडलंय असं वाटत नाही. तुम्ही ऐकत होतात याची नोंदही तक्त्यावर पडते.

या केसमधली मधली तीन-चार मिनिटं कशी गेली ते जरा जवळून बघू. नंबर सहा म्हणतो, "एजन्सीकडे माणसं तयार असतात, प्रशिक्षणाचा वेळ वाचतो." नंबर दोन म्हणतो, "पण एजन्सीच्या माणसाला आपल्या ग्राहकाबद्दल काय आस्था असणार?" नंबर सहा पुन्हा, नंबर दोन पुन्हा. दोन मिनिटं हीच टेनिसची मॅच चालते आणि बाकीचे माना फिरवत बघत राहतात. तेव्हा नंबर नऊ आत येते :

"सहा आणि दोन, दोघांचेही मुद्दे माणसं कोणाची असावीत याबद्दल आहेत. पण अठराशे भेटी सुटा भाग जवळ नव्हता म्हणून दुसऱ्यांदा कराव्या लागल्यात. एजन्सीच्या माणसाच्या पिशवीतही तो भाग नसेल, तर तोही दुसऱ्यांदाच जाईल. तेव्हा भाग का नसतो, ते आधी बघायचं का?"

नऊ पहिल्यांदाच बोलली, पाच मिनिटं होऊन गेल्यावर. तरी परीक्षकांच्या दोन्ही तक्त्यांवर हे जवळजवळ शब्दशः उतरतं. तिने कोणाला खोडलं नाही. दोघांचं नाव घेतलं, त्यांचा वाद कशाबद्दल आहे ते एका वाक्यात सांगितलं आणि कागदातली सगळ्यांच्या नजरेतून निसटलेली ओळ टेबलावर ठेवली. "मी दोघांशी सहमत आहे" एवढंच बोलून ती थांबली असती, तर त्या वेळी काहीच घडलं नसतं. सहमती दाखवायची तर तिच्यापुढे काहीतरी जोडा : एखादा आकडा, एखादी अट, "हे कुठे चालणार नाही" असा एखादा अपवाद.

त्यावर नंबर एक म्हणतो, "म्हणजे नवीन माणसं नकोच." आता नऊने काय करावं? आपला मुद्दा उचलला गेला म्हणून मान डोलवून गप्प बसण्याचा मोह होतो. पण एकने मुद्दा ताणलाय. अठराशेपैकी सगळ्या भेटी टळतील असं कोणी धरू शकत नाही. काही बिघाड यंत्र उघडल्याशिवाय कळतच नाहीत. म्हणून ती म्हणते, "सगळ्या टळणार नाहीत. निम्म्या टळल्या तर तूट तीनशेवर येते, म्हणजे आठऐवजी दोन माणसं पुरतील." स्वतःच्याच मुद्द्याची मर्यादा सांगणारा उमेदवार क्वचित भेटतो, आणि मला विचाराल तर अशाची नोंद मी कधी चुकवलेली नाही.

इथेच एक प्रश्न उरतो, तो नंबर आठने विचारला तर उत्तम : फोनवर तक्रार घेतानाच कोणता भाग लागेल याचा अंदाज घेता येईल का? यंत्राचं मॉडेल, पाणी येतच नाही की गळतं, दिवा कुठला लागलाय, असे तीन-चार प्रश्न विचारले तरी तंत्रज्ञ योग्य भाग घेऊन निघेल. आता गटाकडे कागदावर नसलेला तिसरा पर्याय तयार झाला. तो एकट्याचा नाही. चारने तूट मांडली, नऊने कारण दाखवलं, आठने उपाय दिला. जीडीत सगळ्यात चांगले गुण बहुधा अशा साखळीतल्या लोकांना पडतात, आणि तुम्हाला साखळीत एकच कडी जोडायची असते.

आकडा चुकलेला दिसला तर दुरुस्त करा, पण माणसाला नको. "तुमचं गणित चुकलंय" म्हणण्यापेक्षा "मला बाराशे येतंय, पुन्हा बघूया का?" म्हणा. चूक तुमचीच निघाली तर "बरोबर, माझंच चुकलं" म्हणून पुढे जा. ही दोन सेकंदांची गोष्ट आहे. तिच्यावर स्पष्टीकरण देत बसलात की ती पंचवीस सेकंदांची होते आणि सगळ्यांच्या लक्षात राहते.

बोलताना परीक्षकांकडे बघू नका, ते गटात नाहीत. इंग्रजीत चर्चा असेल आणि ती तुमची रोजची भाषा नसेल, तर वाक्यं तोकडी ठेवा. लांब वाक्य मध्येच अडकतं आणि अडकलं की कोणीतरी ते तुमच्या हातातून काढून घेतं.

मासळीबाजार झाला तर

कधी कधी चार जण एकदम बोलतात आणि कोणाचंच ऐकू येत नाही. आवाज चढवून त्यात उतरणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात निरुपयोगी, कारण तुम्ही पाचवे होता. या गोंधळात मतापेक्षा प्रक्रियेचं वाक्य लवकर ऐकलं जातं. "आपली आठ मिनिटं झाली, दोन मुद्दे राहिलेत" असं ठाम, नेहमीच्या आवाजात म्हटलं तर लोक क्षणभर थांबतात, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नसतं. त्या क्षणात लगेच एकाचा नंबर घ्या : "पाच, तुम्ही खर्चाबद्दल सांगत होतात." तुम्ही स्वतः बोलला नाहीत, दुसऱ्याला बोलायला दिलंत, तरी चर्चेची दोरी तुमच्या हाती आली. हे एका जीडीत एकदा, फार तर दोनदा करायचं. तिसऱ्यांदा केलंत तर तुम्ही वाहतूक पोलीस दिसायला लागता.

गप्प राहिलात तर

पाच-सहा मिनिटं गेली आणि तोंड उघडलं नसेल, तर मनात एक दुष्टचक्र सुरू होतं. इतका उशीर झाला, आता बोलायचं तर मुद्दा जबरदस्त हवा. मग आणखी दोन मिनिटं तो जबरदस्त मुद्दा शोधण्यात जातात, आणि तोवर चर्चा पुढे सरकल्याने हाताशी असलेला साधा मुद्दाही शिळा होतो.

यातून सुटायला पहिलं बोलणं मुद्दाम छोटं ठेवा. प्रश्न विचारा, तो चालतो. "एजन्सीला दिलं तर सुटे भाग कोण पुरवणार, आपण की ते?" हे आठ-दहा सेकंदांचं वाक्य आहे, पण चर्चेला नवीन वळण देतं. एकदा आवाज गटात गेला की दुसऱ्यांदा बोलणं खूप सोपं होतं. मी शिकवताना सांगतो की पहिली तीन-चार मिनिटं संपायच्या आत एकदा तरी आवाज गेलाच पाहिजे, मग तो प्रश्न असो की एखाद्याच्या मुद्द्यावर एका आकड्याची भर.

तुमचा मुद्दा दुसऱ्याने आधीच मांडला तर? तो पुन्हा मांडू नका, त्याच्या पुढची पायरी घ्या. "फोनवर प्रश्न विचारावेत" हे तुम्हालाही सुचलं होतं आणि आठ ते बोलून गेला. मग तुम्ही म्हणा, "आठच्या उपायाला एक अट लागेल. फोन घेणाऱ्याला त्या यंत्रांची तोंडओळख हवी, नाहीतर चुकीचा भाग जाईल." मुद्दा त्याचाच राहिला आणि तुमची भरही पडली.

कोणी गप्प असेल आणि तुम्हाला त्याला बोलतं करायचं असेल, तर "सात, तुम्ही काहीच बोलला नाहीत" असं कधीही म्हणू नका. ते सगळ्यांसमोर बोट दाखवणं झालं. त्याने आधी अर्धवट काही म्हटलं असेल तर ते धरा : "सात, तुम्ही मघाशी ग्राहकांना वेळ कळवण्याबद्दल काही सुरू केलं होतं." नसेल म्हटलं, तर त्याला राहू द्या.

जास्त बोललात तर

यात मी स्वतः आपटलो आहे. नोकरीच्या शोधात असताना एका जीडीत मी पहिलं बोललो, मधे बोललो, दुसऱ्यांच्या मुद्द्यांवर शेरे मारले आणि समरीही मीच केली. बाहेर आल्यावर दोघातिघांनी "तुझं झालंच" म्हणून पाठ थोपटली. यादीत नाव नव्हतं. त्या वेळी मी पॅनेलला दोष दिला. पुढे स्वतः तक्ता भरायला बसलो तेव्हा माझ्यासारख्यांच्या ओळीत काय लिहिलं जातं ते कळलं : "बराच वेळ बोलला, गट पुढे गेला नाही."

आपण जास्त बोलतोय हे आतून कळत नाही, म्हणून बाहेरची खूण ठेवावी लागते. प्रत्येक वेळी बोलून झाल्यावर कागदाच्या कडेला एक रेघ मारा. सहा मिनिटांत तीन रेघा झाल्या असतील तर पुढची दोन मिनिटं फक्त ऐका आणि दुसऱ्यांचे मुद्दे नंबरासह टिपा : "४ तूट", "९ सुटे भाग", "६ प्रशिक्षण". हा रिकामा वेळ वाया जात नाही, हीच टिपणं शेवटी समरीला लागतात. दुसरी खूण म्हणजे "मी आधीच म्हटलं तसं" हे शब्द तोंडात येणं. ते आले की त्याच वाक्यात थांबा. तुम्ही नवीन काही सांगत नाही आहात.

समरी

शेवटची दोन मिनिटं उरली की कोणीतरी सगळं गोळा करायला हवं. काही ठिकाणी परीक्षक एकाला सांगतात, काही ठिकाणी प्रत्येकाला अर्धा-एक मिनिट देतात, तर काही ठिकाणी चर्चा नुसती तोडतात. त्यामुळे तयारी सगळ्यांनी ठेवायची.

समरी आणि निष्कर्ष यांत लोक गल्लत करतात. समरीत गट काय बोलला ते येतं, निष्कर्षात गटाने काय ठरवलं ते. गटाने काही ठरवलंच नसेल तर "आपण सगळ्यांचं असं मत झालं" म्हणणं सरळ खोटं आहे, आणि ते ऐकताना तीन-चार जणांच्या भुवया वर जातात. आम्ही त्या भुवयांकडेही बघत असतो. नवीन मुद्दा समरीत आणायचा नाही. तुमच्या विरोधातला मुद्दाही त्यात यायलाच हवा. नुसता स्वतःच्या बाजूचा माल समरीत भरणाऱ्याला पकडणं आमच्यासाठी सोपं असतं, कारण मूळ चर्चा समोर लिहिलेली असते.

आपल्या केसची समरी अशी होईल :

"तूट बाराशे भेटींची आहे यावर आपलं एकमत होतं. सहा यांनी एजन्सीमुळे माणसं लवकर मिळतात असं सांगितलं, दोन यांना ग्राहकांशी होणाऱ्या वागणुकीची काळजी वाटली. नऊ यांनी दाखवलं की अठराशे भेटी सुटे भाग नसल्याने वाढल्यात, आणि आठ यांनी फोनवरच बिघाड विचारून घेण्याचा उपाय दिला. बहुतेकांचा कल आधी भागांची व्यवस्था सुधारून दोन माणसं वाढवावी याकडे आहे. सहा अजून एजन्सीच्या बाजूने आहेत. खर्चाचे आकडे कागदावर नसल्याने तो भाग उघडा राहतोय."

पंचेचाळीस सेकंदांच्या आसपास जातात. "बहुतेकांचा कल" आणि "सहा अजून एजन्सीच्या बाजूने" या दोन शब्दप्रयोगांमुळे ही समरी प्रामाणिक ठरते. सुरुवात करणाऱ्यानेच समरी करायचा हट्ट धरू नये. चारने दार उघडलं होतं, तेव्हा ते नऊने किंवा तीनने लावलं तर गट गटासारखा दिसतो. तुम्हाला करायची असेल तर "मी थोडक्यात सांगू का, काही सुटलं तर भर घाला" असं विचारून सुरू करा. कोणी त्याच वेळी सुरू केलं तर त्याला करू द्या, आणि त्याच्याकडून सुटलेला एक मुद्दा शेवटी जोडा. ती दहा सेकंदांची भर कधी कधी पूर्ण समरीपेक्षा जास्त लक्षात राहते.

चर्चा थांबल्यावर पॅनेल एखादा प्रश्न टाकू शकतं : "या गटातून तुम्ही कोणाला निवडाल आणि का?" इथे बरेच जण स्वतःचं नाव घेतात किंवा "सगळेच छान बोलले" म्हणतात. त्याऐवजी एक नंबर आणि त्याचं एक वाक्य सांगा : "नऊ. अठराशे भेटींची ओळ त्यांनी दाखवली, तिथून आपली चर्चा बदलली." कागदाच्या कडेला नंबरासह टिपणं केली असतील तर हे उत्तर शोधावं लागत नाही.